रात्रीचं रक्त, शेपटीचं टोक

विदर्भातल्या एखाद्या वस्तीत रात्री साडेनऊच्या सुमारास बॅटऱ्या आणि स्लाइडच्या पेट्या घेऊन तीन-चार माणसं दारोदार फिरताना दिसली, तर ती बहुधा हत्तीरोग पथकाची असतात. सोबत गावातली आशाताई असते. तिच्याशिवाय इतक्या रात्री अनोळखी माणसाला दार कोण उघडणार? दार उघडलं तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दिवसा काऊन नाही येत जी तुम्ही?" आरोग्यसेवकाचं उत्तरही सरावाचं असतं. "मावशी, या जंताची ड्यूटीच रात्रीची आहे. दिवसा आलो तर भेटत नाही तो."

उत्तर गमतीचं वाटलं तरी अक्षरशः खरं आहे. हत्तीरोगाचे मोठे जंत, नर आणि मादी, आपल्या लसिकावाहिन्यांत गुंतून राहतात. तिथून रक्त घेता येत नाही आणि साध्या तपासणीत ते दिसतही नाहीत. दिसतात ती त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया. मिलिमीटरच्या साधारण पाव भागाएवढ्या लांबीची ही पिल्लं रक्तात पोहत असतात, पण दिवसभर त्यांचा मुक्काम मुख्यतः फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये असतो. रात्र झाली की ती हातापायांच्या रक्तात उतरतात, आणि दहा ते दोनच्या दरम्यान बोटाच्या टोकाशी त्यांची गर्दी सर्वांत जास्त असते. सकाळ होता होता ती पुन्हा आत जातात. दुपारी त्याच माणसाचं बोट टोचलं तर बऱ्याचदा एकही सापडत नाही.

हे वेळापत्रक डासाच्या वेळापत्रकाशी जुळलेलं आहे. आपल्याकडे हा रोग पसरवणारा क्युलेक्स क्विन्क्वेफॅसिएटस हा डास गटारं, सेप्टिक टँक आणि सांडपाण्याची डबकी यांत वाढतो आणि रात्री चावतो. डासाने रक्त ओढलं त्या वेळी पिल्लू कातडीजवळच्या रक्तात असेल तरच त्याचं पुढचं आयुष्य सुरू होतं. डासाच्या पोटात दहा-बारा दिवस वाढून ते दुसऱ्या माणसाला लागण करण्याच्या अवस्थेत येतं. चीनमधल्या अमॉय बंदरात नोकरीला असलेल्या पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने 1877 मध्ये ही पिल्लं डासात वाढताना पाहिली. त्यानंतर त्याने लागण झालेल्या माणसांचं रक्त दिवसा आणि रात्री ठरावीक अंतराने तपासवलं, तेव्हा हा रात्रीचा नियम त्याच्या लक्षात आला. 1881 मध्ये लंडनला स्टीफन मॅकेन्झी याने आणखी एक गोष्ट दाखवली. रुग्णाला दिवसा झोपवून रात्री जागं ठेवलं, तर काही दिवसांनी पिल्लांचं वेळापत्रकही उलटतं. म्हणजे ती घड्याळापेक्षा माणसाच्या झोपेचा ताल पाळतात.

व्यवहारात याचा त्रास होतो. रात्रपाळी करणारा चौकीदार किंवा राइस मिलमधला कामगार रात्री घरी सापडत नाही, आणि सुट्टीच्या रात्री सापडला तरी त्याचं रक्त उलट्या वेळेचं असू शकतं. पथकाच्या वहीत अशा माणसापुढे "निगेटिव्ह" लिहिलं जातं आणि गाडी पुढे जाते. रोग पसरवण्याइतकी पिल्लं ज्यांच्या रक्तात असतात ती माणसं तर दिसायला अगदी धडधाकट असतात. उलट ज्याचा पाय वर्षानुवर्षं सुजलेला आहे, त्याच्या रक्तात बहुतेक वेळा एकही पिल्लू मिळत नाही. हे गावात समजावून सांगणं सर्वांत अवघड जातं. "माझा पाय पाहा ना कसा आहे, त्या पोराचं रक्त काय घेता?" या तक्रारीवर उत्तर एकच आहे. पाय सुजल्याचं कारण जुनं असतं, आणि पुढच्या डासाला खाद्य मिळणार ते त्या पोराच्या रक्तात.

आता त्या थेंबाकडे येऊ. आपल्याकडच्या सर्वेक्षणात रात्री साधारण साडेआठ ते बारा या वेळात बोटातून 20 घनमिलिमीटर रक्त घेण्याची पद्धत आहे. डाव्या हाताची अनामिका स्पिरिटने पुसतात आणि स्पिरिट पूर्ण वाळू देतात, कारण ओल्या स्पिरिटमध्ये रक्त मिसळलं की थर बिघडतो. टोचून आलेला पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकतात. पुढचं रक्त शक्यतो मापाच्या नळीत ओढतात आणि स्वच्छ स्लाइडवर सोडून दुसऱ्या स्लाइडच्या कोपऱ्याने पसरवून त्याचा लांबट, एकसारखा जाड थर करतात. बोट पिळून रक्त काढायचं नसतं, कारण मग पेशींभोवतीचं पाणी रक्तात येतं आणि मापाला अर्थ उरत नाही. नाव, वय आणि घर क्रमांक वहीत, स्लाइडवर फक्त नंबर. हा नंबर स्लाइड उद्या धुतल्यावरही टिकेल अशा पेन्सिलीने किंवा डायमंड पेनने लिहावा लागतो. स्केच पेनने लिहिलेला नंबर मिथाइल अल्कोहोलमध्ये पुसला जातो, आणि मग पॉझिटिव्ह स्लाइड हातात असूनही माणूस सापडत नाही.

वीस घनमिलिमीटर म्हणजे किती? एक मिलिलिटर रक्ताचा पन्नासावा भाग. माझ्या मते या तपासणीत सगळ्यांत कमी बोललं जातं ते याच मापाबद्दल, म्हणून थोडा हिशेब मांडतो. समजा, एखाद्या माणसाच्या रक्तात रात्री एका मिलिलिटरमागे पन्नास पिल्लं आहेत. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त धरलं, तर एकूण अडीच लाख पिल्लं झाली. ही लहान लागण नव्हे. तरी आपल्या थेंबात सरासरीने येतं एकच पिल्लू. सरासरी एक याचा अर्थ प्रत्येक थेंबात एक असा होत नाही. एखाद्या थेंबात दोन-तीन येतात, एखाद्यात एकही येत नाही. संभाव्यतेच्या गणिताने अशा शंभर थेंबांपैकी सुमारे सदतीस रिकामे निघतात. म्हणजे वेळ अचूक, रंग उत्तम आणि तंत्रज्ञ अनुभवी असला, तरी हा माणूस तीनपैकी एका वेळी सुटतो. थेंब तिप्पट केला, म्हणजे 60 घनमिलिमीटर घेतलं, तर सरासरी तीन पिल्लं येतात आणि सुटण्याची शक्यता शंभरात पाचवर येते. म्हणूनच काही ठिकाणी एकाच स्लाइडवर तीन समांतर पट्ट्या ओढून साठ घनमिलिमीटर तपासतात. मात्र मिलिलिटरमागे दहाच पिल्लं असली, तर वीस घनमिलिमीटरच्या थेंबात शंभरातली ऐंशीहून जास्त माणसं निसटतात. मोहिमेच्या गोळ्यांनी रोग जसजसा कमी होतो तसतशी अशी तुरळक पिल्लं असलेली माणसंच जास्त उरतात, आणि त्यांनाच ही तपासणी सर्वांत जास्त चुकते. नेमकं पाहायचं असेल तर शिरेतून एक मिलिलिटर रक्त घेऊन ते बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळतात आणि पडदाच रंगवून पाहतात. पण ते काम दवाखान्यात होतं, अंगणात नाही.

थर केल्यावर स्लाइड आडवी, सपाट ठेवून रात्रभर वाळवतात. इथे शत्रू अनपेक्षित असतात. मुंग्या, झुरळं आणि माश्या. ओलसर रक्ताचा थर त्यांना आवडतो, आणि सकाळी पेटी उघडावी तर थराच्या मधोमध कुरतडलेली भोकं दिसतात. म्हणून झाकण घट्ट बसणारी पेटी लागते. पण बंद पेटीत थर सावकाश वाळतो, आणि सावकाश वाळलेल्या थरात पिल्लं आक्रसून वेडीवाकडी होतात. पावसाळ्यातल्या स्लाइड याच कारणाने त्रास देतात. पिल्लांचा आकार पुढे कसा फसवतो ते येईलच. उन्हाळ्याची अडचण वेगळी. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उष्णतेत किंवा तापलेल्या जीपमध्ये ठेवलेल्या स्लाइडवर रक्त आपोआपच घट्ट बसतं. मग त्यातला लाल रंग पाण्याने निघत नाही.

तो निघावाच लागतो. मलेरियाच्या जाड थरासारखीच इथलीही युक्ती आहे. लाल पेशी फोडून त्यातलं हिमोग्लोबिन धुऊन टाकायचं, म्हणजे थर जाड असूनही आरपार दिसतो. त्यासाठी दुसऱ्या दिवशी स्लाइड साध्या पाण्यात पाच-दहा मिनिटं उभी ठेवतात. पाणी लालसर होत जातं आणि थर फिकट करडा होतो. नळाखाली धरायची नाही, नाहीतर थर पिल्लांसकट वाहून जातो. नीट न वाळलेला थरही असाच सुटतो, म्हणून घाईने त्याच रात्री धुणं धोक्याचं. धुतलेली स्लाइड वाळवून मिथाइल अल्कोहोलने पक्की करतात. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी अल्कोहोल आणि मग पाणी, तर लाल पेशी जागीच पक्क्या होतात, थर गडद राहतो आणि त्याखाली काही दिसत नाही. नवख्या माणसाच्या हातून हमखास होणारी चूक ती हीच, कारण पातळ थराला अल्कोहोल आधी लावण्याची त्याला सवय असते.

मग रंग. सरकारी प्रयोगशाळांत जेएसबी रंग सर्रास वापरतात. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी 1944 मध्ये मलेरियासाठी तो तयार केला. तो पाण्यात विरघळतो, स्वस्त पडतो आणि काही मिनिटांत काम उरकतो. गिम्सा रंगाला वेळ लागतो. पन्नास भाग बफर पाण्यात एक भाग रंग मिसळून स्लाइड पाऊण तास तरी बुडवून ठेवावी लागते. पण जाती ओळखायच्या असतील तर गिम्सा उपयोगी पडतो, कारण पिल्लाच्या अंगावर एक पारदर्शक खोळ असते आणि गिम्साने ती काही जातींत रंगते, काहींत नाही. खोळ सगळ्या जातींत नीट पाहायची असेल तर डेलाफील्डचं हिमॅटॉक्सिलिन वापरतात.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी कमी ताकदीच्या भिंगाने सगळा थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहतात. पिल्लू मोठं असल्यामुळे या भिंगातही ते दिसतं, आणि कडा सोडून चालत नाहीत, कारण पसरवताना पिल्लं बऱ्याचदा कडेला ढकलली जातात. पहिली फसगत होते ती कापसाच्या धाग्याने. धागा जांभळा रंगतो, वळतो, लांबीही जवळपास तेवढीच असते. पण त्याच्या आत केंद्रकं नसतात. पिल्लाच्या अंगात मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत गडद जांभळ्या केंद्रकांची रांग असते. ती रांग दिसली नाही तर "दिसलं" असं वहीत लिहायचं नाही. काचेवरचे ओरखडे आणि जुन्या रंगात वाढलेली बुरशी यांनाही हाच नियम.

भारतात या रोगाचे दोन जंत आहेत. बहुतेक सगळी लागण वुचेरेरिया बँक्रॉफ्टीची. ब्रूगिया मलायी मुख्यतः केरळच्या किनारी भागातला, आणि तोही आता कमी झाला आहे. त्यांची पिल्लं एकमेकांशेजारी ठेवली तर फरक स्पष्ट दिसतो. बँक्रॉफ्टीचं पिल्लू लांब असतं आणि सैल, मोठ्या वळणात पहुडलेलं असतं. त्याची केंद्रकं सुटी, मोजता येतील अशी असतात, अंतर राखून ओवलेल्या पोतीच्या मण्यांसारखी. डोक्याकडची केंद्रकं नसलेली मोकळी जागा जितकी लांब तितकीच रुंद असते. शेपटी निमुळती होत जाते आणि तिच्या टोकात एकही केंद्रक नसतं. गिम्साने खोळ रंगत नाही. ब्रूगियाचं पिल्लू थोडं आखूड असतं, अंगात ताठ आणि मोठ्या वळणांतही छोट्या छोट्या मोडी पडलेलं. केंद्रकं दाटीने एकमेकांवर चढलेली असतात, डोक्याकडची मोकळी जागा रुंदीच्या दुप्पट लांब, आणि खोळ गिम्साने गुलाबी होते. शेपटीत मुख्य रांग संपल्यावर दोन केंद्रकं सुटी उभी असतात, एक टोकाच्या जरा अलीकडे आणि एक अगदी टोकावर. त्या दोन जागी शेपटी किंचित फुगलेली दिसते.

पुस्तकात हे सोपं वाटतं. स्लाइडवर काय होतं ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. पावसाळ्यात घेतलेली स्लाइड आहे, माणूस चाळिशीचा, गेली काही वर्षं केरळात आलप्पुळा भागात कामाला होता आणि आता गावी परतला आहे. कमी भिंगात सात पिल्लं दिसतात आणि त्यातली बरीच मोडलेली, वेडीवाकडी आहेत. केरळचा इतिहास आणि हा आकार एकत्र केला की हात आपोआप "ब्रूगिया" लिहायला जातो. इथे थांबायचं असतं. डोळ्याच्या भिंगातल्या पट्टीने मोजलं तर पिल्लं 240 मायक्रोमीटरच्या आसपास भरतात. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वाळलेल्या स्लाइडवर ब्रूगिया साधारण 175 ते 230 आणि बँक्रॉफ्टी साधारण 245 ते 300 असतो. आकडा मधल्या जागी पडला, पण थर सावकाश वाळल्याने पिल्लं आक्रसलेली आहेत हे लक्षात घेतलं तर तो बँक्रॉफ्टीकडे झुकतो. मग तेलाच्या भिंगाखाली डोकं पाहायचं. मोकळी जागा लांबी-रुंदीला सारखी दिसते. शेपटी पाहावी तर पहिल्या दोन पिल्लांच्या शेपट्या अंगाखाली दुमडलेल्या, काहीच सांगता येत नाही. तिसऱ्याची सरळ आहे, टोक रिकामं. चौथ्याचंही रिकामं. पाचव्याच्या टोकावर एक गडद ठिपका दिसतो, पण फोकस वरखाली केला की तो वेगळ्या पातळीवर जातो. तो रंगाचा कण आहे, शेपटीतला नव्हे. सहाव्या आणि सातव्याचं टोक स्वच्छ, आणि खोळीला गुलाबी रंग कुठेच नाही. निकाल बँक्रॉफ्टी. माणूस केरळात राहिला म्हणून जंत केरळचा ठरत नाही. वळणं वाळण्याच्या वेगाने बदलतात, लांबी आक्रसते, पण शेपटीत केंद्रक नव्हतं तर ते वाळल्याने तयार होत नाही.

औषध दोन्हींना डीईसीच आहे, मग जातीची इतकी खटपट कशाला, असा प्रश्न पडेल. फरक पडतो तो डासांत. बँक्रॉफ्टीसाठी गटारं आणि सेप्टिक टँक पाहावे लागतात. ब्रूगिया पसरवणारे मॅन्सोनिया डास तळ्यांतल्या तरंगत्या वनस्पतींच्या मुळांना चिकटून वाढतात, तिथे गटारावर फवारणी करून काही साधत नाही. आणि आफ्रिकेतून परतलेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न जिवावरचा होऊ शकतो. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतल्या लोआ लोआ या जंताचं पिल्लूही खोळवालं आहे, पण त्याची केंद्रकं शेपटीच्या टोकापर्यंत सलग जातात आणि ते दुपारच्या रक्तात जास्त असतं, कारण त्याला वाहणारी माशी दिवसा चावते. अशा माणसाच्या रक्तात लोआची पिल्लं खूप असतील आणि त्याला नेहमीसारखी डीईसी दिली, तर मेंदूला इजा होऊन जीव जाऊ शकतो. त्याचं रक्त दिवसाही पाहायला हवं. त्याच भागात मॅन्सोनेला पर्स्टन्सही मिळतो, पण तो खोळ नसलेला, छोटा आणि बोथट शेपटीचा असल्याने गोंधळ कमी होतो.

रात्रीचं जागरण टाळण्याचा एक जुना मार्ग आहे. डीईसीची 100 मिलिग्रॅमची गोळी दिली की पिल्लं दिवसाही बाहेरच्या रक्तात येतात, आणि अर्ध्या ते एका तासाने बोट टोचता येतं. पण लोआच्या शक्यतेमुळे हा मार्ग सगळीकडे चालत नाही, आणि रात्रीच्या थेंबाइतकी पिल्लं त्यात मिळतीलच असंही नाही. दुसरा, नवा मार्ग म्हणजे प्रतिजन पट्टी. तिच्यावर 75 मायक्रोलिटर रक्त टाकून दहा मिनिटांनी वाचायचं. बँक्रॉफ्टीचे मोठे जंत सोडतात तो पदार्थ ती ओळखते, म्हणून दिवसा चालते. शाळेत मुलांची तपासणी त्यामुळे शक्य झाली. पण दहा मिनिटांऐवजी अर्ध्या तासाने वाचली तर खोटी रेघ उमटू शकते. ब्रूगिया तिला मुळीच कळत नाही. आणि औषधाने पिल्लं मेली तरी मोठा जंत जिवंत असेल तर रेघ बराच काळ येत राहते. त्या माणसाकडून आज डासाला पिल्लं मिळतात का, हे पट्टी सांगत नाही. म्हणून पट्टीवर रेघ आलेल्या माणसाला पुष्कळ ठिकाणी रात्री दहानंतर घरी थांबायला सांगतात. पथक पुन्हा जातं, अनामिका टोचतं, दुसऱ्या दिवशी स्लाइड धुतली जाते, आणि पिल्लं सापडली तर बारा दिवस, वजनाच्या किलोमागे सहा मिलिग्रॅम या हिशेबाने डीईसी सुरू होते.